बाबांच्या सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान आणि चमकदार: हे आत्ताचं की जुनं?

रेवाकाठ (इंदूर)

नमस्कार मंडळी. बाबांबद्दल विचारायचं आहे. वय ६३, उंची पाच फूट चार इंच, शुगर नाही. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, पण मधूनमधून बंद पडते. गुडघे दुखतात म्हणून दुखण्याच्या गोळ्याही अधूनमधून घेतात. आम्ही राजेंद्रनगरला राहतो.

गेल्या आठवड्यात जुलाब-उलट्यांनी बेजार झाले, लघवी कमी झाली, म्हणून ॲडमिट केलं. क्रिएटिनिन ५.१ निघालं, युरिया १४८, पोटॅशियम ५.६, हिमोग्लोबिन ९.२. लॅबच्या कागदावर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, १२ आणि खाली 'स्टेज ५' असं छापून आलं. ते वाचून आईच्या हातापायातलं बळच गेलं. सलाइन लावल्यावर लघवी सुटली आणि चौथ्या दिवशी क्रिएटिनिन ३.६ वर आलं.

वॉर्डमधले डॉक्टर म्हणतात, "पाणी कमी झालं होतं, उतरतंय, काळजी करू नका." पण सोनोग्राफीचा रिपोर्ट वेगळंच सांगतो. उजवी किडनी ८.० सेंमी, डावी ८.३. कॉर्टेक्स, म्हणजे किडनीचा बाहेरचा थर, पातळ आणि लिव्हरपेक्षा जास्त चमकदार, कॉर्टेक्स आणि आतला मेड्युला यांतला फरक दिसत नाही. सूज नाही, खडा नाही, मूत्रमार्गात अडथळा नाही. शेवटी 'क्रॉनिक मेडिकल रीनल डिसीज, ग्रेड ३' असा शेरा.

आता कोणाचं खरं धरायचं? जुलाबांमुळे झालं असेल तर बरं होईल ना? आणि पाणी कमी झाल्यामुळेच किडन्या आक्रसून लहान दिसल्या असतील का?

अण्णा_सुदामानगर

ताई, घाबरू नका. माझ्या मेहुण्याला असाच त्रास होता, सोनोग्राफीत ९ मिमीचा खडा निघाला होता. कुळथाचं पाणी, बार्लीचं पाणी आणि दिवसाला चार लिटर साधं पाणी दिलं, खडा पडून गेला. नारळपाणी पण चालू करा, किडनी धुऊन निघते.

विनया_डायलिसिस (इंदूर)

अण्णा, थांबा. रिपोर्टमध्ये खडा नाही असं स्पष्ट लिहिलंय. आणि पोटॅशियम ५.६ असलेल्या माणसाला नारळपाणी अजिबात देऊ नका. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, ते आणखी चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आमच्या युनिटला अशा कारणानं रात्री-बेरात्री आलेले पेशंट मी पाहिले आहेत. चार लिटर पाण्याचंही तेच. लघवी किती होते ते बघून डॉक्टर पाणी ठरवतात. नाहीतर पाणी फुप्फुसात साचतं.

रेवाताई, अजून एक. बाजारात 'लो सोडियम' म्हणून मीठ मिळतं. बीपीसाठी चांगलं म्हणून पुष्कळ घरांत आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. तुमच्याकडे असेल तर बाबांच्या ताटापासून लांब ठेवा.

स्नेहलतागंजकर (इंदूर)

मी आयुष्यभर सोनोग्राफीच केली, आता निवृत्त आहे. त्यामुळे रिपोर्टबद्दल बोलतो. औषधं तुमचे डॉक्टर ठरवतील.

दोघंही बरोबर सांगताहेत, रेवाताई. वॉर्डातले डॉक्टर या आठवड्यातलं सांगताहेत आणि सोनोग्राफीवाले मागच्या काही वर्षांतलं. क्रिएटिनिन ५.१ वरून ३.६ वर उतरलं याचा अर्थ जुलाबांचा घाव ताजा होता आणि तो भरून येतोय. पण ८ सेंमीच्या किडन्या आठवड्यात होत नाहीत.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. शरीरातलं पाणी कमी झालं तर किडनीच्या लांबीत फार तर काही मिलिमीटर फरक पडेल. पाच फूट चार इंचांच्या माणसाची किडनी साधारण ९ ते १०.५ सेंमीच्या आसपास असायला हवी. साठीनंतर थोडी कमी होते, तीही सोडून देऊ. दोन्ही बाजूंना ८ च्या घरात आणि त्यावर कॉर्टेक्स पातळ, हे पाण्यानं होणारं काम नाही. उलट ताज्या आजारात किडनी बहुतेक वेळा नेहमीएवढी किंवा जराशी फुगलेली दिसते.

लहान का होते तेही समजून घ्या. किडनीतल्या गाळण्या एकेक करून बंद पडतात, त्यांच्याशी जोडलेल्या बारीक नळ्या सुकतात, आणि त्या जागी जखमेच्या वणासारखं घट्ट तंतुमय ऊतक भरतं. वण आक्रसतो, म्हणून किडनी आक्रसते. या सगळ्याला निदान महिने, बहुधा वर्षं लागतात. रिपोर्टातल्या इतर कुठल्याही शब्दापेक्षा मी लांबीच्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवतो, तो यासाठीच.

चमक मात्र वेगळी गोष्ट आहे. चमक फक्त एवढंच सांगते की आत काहीतरी बिघडलंय. ते आठ दिवसांचं आहे की आठ वर्षांचं, हे चमकेवरून कळत नाही. ताज्या नेफ्रायटिसमध्येही किडनी चकाकते. चमक आणि लहानपणा दोन्ही एकत्र आले, दोन्ही बाजूंना आले, तर मात्र जुनाट म्हणायला मला शंका उरत नाही.

आता एक काम करा. घरात जुन्या फायली शोधा. मोतीबिंदूचं ऑपरेशन, हर्नियाचं ऑपरेशन, विम्याची तपासणी, काहीही. कुठे तरी क्रिएटिनिन लिहिलेलं सापडेल. तो कागद या सोनोग्राफीइतकाच मोलाचा आहे.

लष्करकर (ग्वाल्हेर)

काका, म्हणजे सूत्र सोपं झालं. किडनी लहान असेल तर जुनाट, नॉर्मल असेल तर ताजं. माझ्या आईचं क्रिएटिनिन ३.४ आहे, पण सोनोग्राफीत किडन्या १०.६ आणि १०.९ आहेत. आम्हाला एकानं सांगितलं की साइज नॉर्मल आहे, म्हणजे जुनाट नाही, औषधानं उतरेल. तेच धरून चाललोय.

स्नेहलतागंजकर

लष्करकर, आईला मधुमेह आहे का? आणि किती वर्षांपासून?

लष्करकर

हो, वीस वर्षांच्या वर झाली. इन्सुलिन चालू आहे. डोळ्यांच्या पडद्यावर लेझर पण झालं होतं.

स्नेहलतागंजकर

मग तुमचं अर्धं सूत्र बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं आईच्या बाबतीत घात करेल. लहान असेल तर जुनाट, हे खरं. नॉर्मल किंवा मोठी असेल तर ताजं, हे खरं नाही. मधुमेहात सुरुवातीला किडनी उलट मोठी होते, त्यामुळे आजार खूप पुढे गेला तरी लांबी १०-११ सेंमी राहू शकते. अमायलॉइड, मायलोमा यांतही तसंच. गाठींच्या आनुवंशिक आजारात तर ती प्रचंड मोठी असते आणि तरी काम करत नाही. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला असताना क्रिएटिनिन ३.४ असेल, तर १०.६ या आकड्यावर विसंबून राहू नका. लघवीतल्या प्रथिनाची तपासणी झालीये का? जुनी क्रिएटिनिन लावून बघितलीत का? नेफ्रॉलॉजिस्टला दाखवा, आणि थांबू नका.

लष्करकर

प्रथिनं खूप जातात असं म्हणाले होते. आकडा घरी बघून सांगतो. इथली वेळ उद्याच घेतो.

जलतरंग

सगळे उगाच घाबरवताय असं वाटतं. आमच्या कॉलनीतल्या एका काकांची किडनी ८.२ होती. चार महिने काढे आणि पथ्य केलं, पुन्हा सोनोग्राफी केली तर ९.१! दोन्ही रिपोर्ट मी स्वतः पाहिलेत. किडनी परत वाढते, डॉक्टर सांगत नाहीत इतकंच.

स्नेहलतागंजकर

रिपोर्ट तुम्ही पाहिलेत यावर माझा विश्वास आहे. पण तो आकडा कसा येतो ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

पेशंट आडवा झोपतो, आम्ही प्रोब फिरवत किडनीचा सगळ्यात लांब छेद शोधतो, पडदा गोठवतो आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत दोन खुणा लावतो. किडनी शरीरात सरळ उभी नसते, थोडी तिरकी असते. प्रोब तिच्या रेषेत नसेल तर छेद तिरपा जातो आणि लांबी कमी भरते. डाव्या बाजूला वरचं टोक बरगडीच्या किंवा आतड्यातल्या गॅसच्या सावलीत जातं, मग अंदाजानं खूण लावावी लागते. पेशंटनं श्वास नीट धरला नाही तरी तेच. एकाच माणसाची एकाच दिवशी दोघांनी मोजली तर अर्धा सेंटीमीटर फरक सहज पडतो, कधी एकापर्यंत जातो. तेव्हा ८.२ आणि ९.१ हे दोन वेगळ्या मशिनांवर, दोन वेगळ्या हातांनी आले असतील तर किडनी वाढली असं त्यातून सिद्ध होत नाही. वण झालेली जागा पुन्हा गाळणी होत नाही. त्या काकांचं क्रिएटिनिन चार महिन्यांत काय झालं, हे विचारा. खरं उत्तर तिथे आहे. आणि काढ्यात काय होतं हेही विचारा, कारण काही वनस्पती आणि धातूंची भस्मं किडनीलाच इजा करतात.

रेवाताईंच्या वडिलांबाबत हा फरक मी धरूनच बोलतोय. ८.० ला ८.८ मानलं तरी कॉर्टेक्स पातळ आहे, दोन्ही बाजू सारख्या आहेत, आतला फरक पुसलाय. एका आकड्यावर मी बोलत नाहीये.

जलतरंग

क्रिएटिनिनचं मला माहीत नाही. विचारतो. पण काकांना बरं वाटतंय हे मात्र खरं.

मांडवी (वडोदरा)

मी दांडिया बाजारची. माझीही किडनी लहान आहे! उजवी ६.९, डावी १२.१. लग्नाआधीच्या तपासणीत कळलं होतं. माझं क्रिएटिनिन ०.९ आहे. मला पण हाच आजार म्हणायचा का? धागा वाचून झोप उडाली.

स्नेहलतागंजकर

नाही, तुमचं वेगळं आहे, शांत झोपा. एकच बाजू लहान असेल तर कारण त्या बाजूपुरतं असतं. जन्मतःच किडनी नीट न वाढणं, लहानपणी लघवी उलट वर जाऊन झालेला जंतुसंसर्ग, मोठ्या वयात त्या बाजूची धमनी अरुंद होणं, ही त्यातली नेहमीची. तुमची डावी १२.१ झालीये, म्हणजे तिनं दुसरीचं काम अंगावर घेतलंय. दर वर्षी बीपी, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन बघत राहा. कधी दिवस राहिले तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत हे सांगा. बीपी अचानक चढू लागलं तर मात्र धमनीकडे बघायला हवं.

नर्मदेचा_केशव (इंदूर)

मला एक विचारायचंय. माझ्या रिपोर्टात 'ग्रेड १ मेडिकल रीनल डिसीज' आलं होतं. तीन महिन्यांनी दुसरीकडे केली तर 'किडन्या नॉर्मल'. क्रिएटिनिन १.० आहे. म्हणजे सोनोग्राफीला काही अर्थ आहे की नाही?

स्नेहलतागंजकर

ग्रेड १ ला खरंच फार अर्थ नसतो, आणि हे मी माझ्याच धंद्याबद्दल सांगतोय. आम्ही उजव्या किडनीचा कॉर्टेक्स शेजारच्या लिव्हरशी ताडून बघतो. नॉर्मल कॉर्टेक्स लिव्हरपेक्षा थोडा काळपट दिसतो. लिव्हरइतकाच दिसला की ग्रेड १ लिहितात. पण मशीनची चमक वाढवलेली असली, माणूस सडपातळ असला, की नॉर्मल किडनीही लिव्हरइतकी दिसते. तुमची लांबी नॉर्मल आहे, क्रिएटिनिन नॉर्मल आहे. लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण एकदा तपासा. तेही ३० च्या खाली आलं आणि बीपी ठीक असेल, तर तो शब्द विसरून जा.

याची उलट बाजू जास्त धोक्याची आहे. आपल्याकडे फॅटी लिव्हर फार. लिव्हरच चमकदार झालं की त्याच्या शेजारी आजारी किडनीसुद्धा काळपट, म्हणजे नॉर्मल वाटते. घाईत रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या नजरेतून ती निसटते. फॅटी लिव्हर असलेल्या पेशंटमध्ये मी डावी किडनी प्लीहेशी ताडून बघायचो आणि कॉर्टेक्सची जाडी मोजायचो. रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर' आणि 'किडनी इकोटेक्सचर नॉर्मल' हे दोन्ही एकत्र लिहिलेले असतील तर रक्त आणि लघवी तपासल्याशिवाय निश्चिंत होऊ नये.

रेवाकाठ

काका, फाइल सापडली! कपाटात वरच्या फळीवर एलआयसीच्या कागदांखाली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधीची तपासणी, २०१९ ची: क्रिएटिनिन १.७. आणि २०२२ मध्ये अंगात ताप होता तेव्हा केलेली: २.१. दोन्हींवर लॅबनं आकड्याला गोल केलाय, पण कोणी काही बोललं नव्हतं.

आज बाबांचं क्रिएटिनिन २.८ आहे. घरी सोडताहेत.

स्नेहलतागंजकर

मग चित्र पूर्ण झालं. आता हिशेब मांडू. क्रिएटिनिनपेक्षा ईजीएफआर बघू, कारण त्यात वय धरलेलं असतं. २०२१ च्या सूत्रानं मी मोजले.

२०१९ मध्ये बाबा ५७ चे, क्रिएटिनिन १.७. ईजीएफआर साधारण ४६.
२०२२ मध्ये ६० चे, क्रिएटिनिन २.१. साधारण ३५.

म्हणजे तेव्हाच वर्षाला साडेतीन-चारनं उतरत होतं. त्याच उताराची रेघ पुढे ओढली तर आज ते २४-२५ च्या जवळ असायला हवे होते. ६३ व्या वर्षी २४-२५ ईजीएफआर म्हणजे क्रिएटिनिन पावणेतीन-तीनच्या दरम्यान. आणि जुलाबांतून सावरल्यावर तुमचं २.८ वर आलंय. अजून थोडं उतरेल. म्हणजे जुलाबांनी खाली ढकललेलं बहुतेक सगळं परत मिळालं, आणि किडनी तिच्या जुन्या रेघेवर आली. ती रेघ २०१९ च्या आधीच सुरू झालेली होती, हे सोनोग्राफी सांगत होती.

लॅबच्या कागदावरचं 'स्टेज ५' मनातून काढून टाका. ते सूत्र क्रिएटिनिन स्थिर असतानाच लागू पडतं. ते चढत किंवा उतरत असताना जो ईजीएफआर छापून येतो त्याला स्टेज लावता येत नाही. तीन महिन्यांनी स्थिर आकड्यावर स्टेज ठरवा. आज अंदाजानं चौथ्याच्या वरच्या टोकाला वाटतेय.

जलतरंग

माफ करा, पण हा हिशेब ऐकून तर वाटतं डायलिसिस ठरलेलंच आहे. वर्षाला तीन-चार उतरतं तर पाच वर्षांत संपलं.

विनया_डायलिसिस

तसं नसतं. रेघ सरळ जातेच असं नाही. आमच्याकडे क्रिएटिनिन ३ वर वर्षानुवर्षं टिकलेले पेशंट ओपीडीला येतात, आणि दोन वर्षांत डायलिसिसला पोचलेलेही येतात. फरक बहुतेक वेळा बीपी, लघवीतलं प्रथिन आणि दुखण्याच्या गोळ्या यांत असतो. आणि डायलिसिस नुसत्या आकड्यावर सुरू करत नाहीत. पोटॅशियम उतरत नाही, फुप्फुसात पाणी, उलट्या थांबत नाहीत, भान हरपतं, असं काही झालं की सुरू करतात.

रेवाताई, माझ्या कामातलं सांगते. बाबा उजव्या हातानं लिहितात ना? मग डाव्या हातातून आता रक्त काढू देऊ नका, सलाइनची सुई पण त्या हाताला नको. कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरा जपा. पुढे कधी डायलिसिससाठी शीर धमनीला जोडायची, म्हणजे फिस्टुला करायची वेळ आली तर ती शीर लागते. टोचून टोचून बुजलेली असेल तर गळ्यातल्या नळीवर अवलंबून राहावं लागतं आणि तिथे जंतुसंसर्ग फार होतो. ही गोष्ट कोणी वेळेवर सांगत नाही, म्हणून मी प्रत्येकाला सांगते. हेपॅटायटिस बी ची लस पण आत्ताच विचारून घ्या, नंतर शरीर तिला तितकंसं दाद देत नाही.

रेवाकाठ

डाव्या हाताला कालच सुई होती. आता सांगून ठेवते.

काका, बायॉप्सीचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, गरज नाही. मला मात्र वाटतं कारण कळायला हवं. बीपीमुळे झालं की गोळ्यांमुळे?

स्नेहलतागंजकर

बायॉप्सीबाबत मी डॉक्टरांच्या बाजूनं आहे. ८ सेंमीच्या, पातळ कॉर्टेक्सच्या किडनीत सुई घातली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि हाती येतो तो वण. वण सगळ्या आजारांचा सारखाच दिसतो. त्यातून मूळ कारण क्वचितच कळतं, आणि कळलं तरी उपचार बदलत नाही. हीच किडनी १० सेंमीची असती आणि लघवीत रक्त-प्रथिन भरपूर असतं, तर मी उलट सांगितलं असतं.

कारणाबद्दल माझं मत: लघवीत प्रथिन किती आहे त्यावर थोडा अंदाज बांधता येईल. प्रथिन कमी असेल तर बीपी किंवा गोळ्यांचं कारण जास्त शक्य. पण एक अडचण राहतेच. किडनी बिघडली की बीपी चढतं आणि बीपी चढलं की किडनी बिघडते. आधी कोण, हे २०१९ च्या आधीचे कागद नसतील तर सांगता येत नाही.

नर्मदेचा_केशव

मी औषधांच्या धंद्यात आहे. दुखण्याच्या गोळ्यांना एवढा दोष देणं मला पटत नाही. आठवड्यातून दोन गोळ्यांनी किडन्या ८ सेंमीच्या होत नाहीत, त्यासाठी वर्षानुवर्षं रोज लागतात.

स्नेहलतागंजकर

त्यात तथ्य आहे. अधूनमधूनच्या गोळ्यांनी मूळ आजार झाला असं मी म्हणणार नाही. पण जुलाबांत पाणी कमी झालेलं, त्यावर आधीच उरलेली किडनी पाव, त्यावर दुखण्याची गोळी, हे तिन्ही एकत्र आले की क्रिएटिनिन एकदम उसळतं. रेवाताई, जुलाबांच्या दिवसांत बाबांनी गोळी घेतली होती का? आणि बीपीची गोळी कुठली?

रेवाकाठ

घेतली होती, अंग दुखतंय म्हणून दोन दिवस. बीपीची टेल्मिसार्टन आहे. ती पण चालूच होती.

स्नेहलतागंजकर

मग ५.१ कुठून आलं ते कळलं. टेल्मिसार्टन चांगलं औषध आहे, पुढेही बाबांच्या कामाचं ठरू शकतं, पण जुलाब-उलट्यांच्या दिवसांत ते थांबवायचं की नाही हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुन्हा सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघतात. क्रिएटिनिन जरासं चढलं तर घाबरून औषध बंद करू नका, तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल चालेल का, विचारा. पुढे कधी सीटी स्कॅन सांगितलं तर कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देण्याआधी क्रिएटिनिनचा आकडा दाखवा.

अण्णा_सुदामानगर

म्हणजे पाणी किती प्यायचं मग? मला अजून कळलं नाही.

विनया_डायलिसिस

अण्णा, या घडीला लघवी चांगली होतेय आणि पायांना सूज नाही, तर तहानेप्रमाणे. मोजून चार लिटर नाही. आणि शेव कमी करायला सांगा. आपल्या इंदुरी घरांत सकाळी पोह्यावर शेव, दुपारी भाजीवर शेव, संध्याकाळी चहाबरोबर शेव. त्यातलं मीठ कोणी धरतच नाही. बीपी १३०/८० च्या आत आणायचं असेल तर गोळीइतकंच तेही बघावं लागेल.

रेवाकाठ

शेवेवरून घरात वाद होणार हे नक्की, पण बोलेन.

लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण आज आलं: २१०. काका, यावरून काही ठरतं का?

स्नेहलतागंजकर

मधलं आहे. तीसच्या वर म्हणजे नॉर्मल नाही, पण हजारात असतं तसंही नाही. बीपीकडे झुकतं माप देईन, खात्री देणार नाही. नेफ्रॉलॉजिस्ट या आकड्यावर डॅपाग्लिफ्लोझिन सुरू करायचं म्हणू शकतात. शुगर नसली तरी ते किडनीसाठी देतात, तेव्हा 'ही तर शुगरची गोळी' म्हणून परत करू नका. कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच आणि लोहाची तपासणी बहुधा सांगतील. हिमोग्लोबिन ९.२ आहे, त्याचंही बघतील.

पुढची सोनोग्राफी दर महिन्याला करू नका. त्यातून काही नवीन कळणार नाही. आता क्रिएटिनिन आणि लघवी यांच्यावर नजर ठेवायची.

लष्करकर (ग्वाल्हेर)

मी परत आलो. आईचा आकडा बघितला, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण २६००. आणि २०२१ चं क्रिएटिनिन १.८ सापडलं. वेळ मिळाली परवाची.

स्नेहलतागंजकर

१.८ आणि ३.४, दोन्ही कागद बरोबर न्या. सोनोग्राफीची फिल्म असेल तर तीही, नुसता रिपोर्ट नको.

रेवाकाठ

एक शेवटचं. मी ३४ ची आहे, धाकटा भाऊ ३१. आम्ही तपासून घ्यायला हवं का? बाबांचे मोठे भाऊ पण 'किडनी फेल' होऊन गेले असं आत्या आत्ता सांगतेय. त्यांचे कागद कोणाकडेच नाहीत.

स्नेहलतागंजकर

काकांचं ऐकल्यावर हो म्हणेन. दोघांचं बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, आणि एकदा सोनोग्राफी. आत्याला विचारा, काकांना लहानपणापासून लघवीत रक्त जायचं का, ऐकू कमी यायचं का, किडनीत गाठी होत्या असं कोणी म्हटलं होतं का. बाबांच्या सोनोग्राफीत गाठी नाहीत, त्यामुळे तो आजार बाजूला पडतो. बाकीचं आत्याच्या उत्तरावर.

रेवाकाठ

आत्या म्हणते ऐकायला कमी यायचं, पण ते गिरणीत होते, तिथे सगळ्यांनाच कमी ऐकू यायचं. लघवीचं तिला माहीत नाही. काकू वडोदऱ्याला असतात, त्यांना रविवारी फोन करते.